प्लॅनवरून यादी

पुण्या-मुंबईत नाटकाचा 'प्लॅन उघडला' की लोक खिडकीवर रांग लावत. प्लॅन म्हणजे खुर्च्यांच्या चौकोनांचा मोठा कागद. आतला माणूस विकलेल्या खुर्चीवर फुली मारी आणि आपण मान वाकडी करून 'मधल्या दोन द्या' म्हणत असू. त्या कागदाचं काम खिडकीपुरतंच होतं. कोणती खुर्ची गेली हे कळलं की झालं, कोणाला गेली याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

लेस्टरमध्ये आपल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला मात्र नेमकं तेच लागतं. दारावर उभ्या असलेल्या मुलांना 'गोखले कुठे बसणार?' याचं उत्तर हवं असतं. कागद उलट प्रश्न सोडवतो: या खुर्चीवर कोण? शंभर चौकोनांतून एक नाव शोधेपर्यंत मागे थंडीत वीस माणसं ताटकळतात. शिवाय आग लागली तर कोणाला हात धरून बाहेर काढावं लागेल आणि ती व्यक्ती नेमकी कुठे बसली आहे, हे हॉलच्या व्यवस्थापकांना आधी सांगावं लागतं. भारतातून आलेल्या आजी-आजोबांमुळे ही नावं आपल्याकडे कमी नसतात. म्हणून कागदावरून तीन रकान्यांची यादी करायची: नाव, रांग, खुर्ची.

यंदाचंच उदाहरण घेऊ. ए ते एच आणि मग जे, अशा नऊ रांगा. 'आय' नाही, कारण ते अक्षर एकच्या आकड्यासारखं दिसतं म्हणून इथल्या बऱ्याच नाट्यगृहांत गाळतात. तेव्हा रांगेचं अक्षर कागदावरून उतरवा, बोटांवर मोजून ठरवू नका. प्रत्येक रांगेत १२ खुर्च्या, सहा आणि सातच्या मधे वाट. ए रांगेत चाकाच्या खुर्चीसाठी जागा सोडल्यामुळे ११ आणि १२ नाहीत. एकूण १०६ खुर्च्या आणि त्यांपैकी ९४ भरलेल्या. नावं इंग्रजीत टाइप केलेली, पण मूळ फाइल गेल्या समितीबरोबर गेली आणि हाती उरला तो स्कॅन.

स्कॅन व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं चेपतात. गूगल डॉक्समध्ये चित्र उघडलं तर नावं वाचली जातात, पण तक्ता बहुधा मोडतो आणि ओळीने नुसती नावं येतात. मग बी रांगेतली तिसरी खुर्ची रिकामी असली की चौथीवरचे पाहुणे तिसरीवर सरकतात. एक्सेलमधली चित्रातून तक्ता उचलण्याची सोय खाने राखते, म्हणून ती बरी. खरं सांगायचं तर शंभर नावांसाठी एकाने वाचावं आणि दुसऱ्याने टाइप करावं, यात अर्ध्या तासात काम होतं. नावं हाताने लिहिलेली असतील तर दुसरा मार्ग शोधूही नका.

कसंही करा, पण आधी कागदासारखाच तक्ता गूगल शीट्समध्ये उभा करा. पहिल्या रकान्यात रांगेची अक्षरं, वरच्या ओळीत १ ते १२, बाकी नावं. वाटेचा रिकामा रकाना काढून टाका, रिकाम्या खुर्चीचा खाना मात्र रिकामाच ठेवा. मग दुसऱ्या पानावर नाही, त्याच पानावर उजवीकडे मोकळ्या जागी हे सूत्र:

```
=QUERY(ARRAYFORMULA(SPLIT(FLATTEN(
A2:A10&"|"&B1:M1&"|"&B2:M10),"|")),
"select Col3, Col1, Col2 where Col3 is not null",0)
```

हे प्रत्येक खान्यासाठी रांग, खुर्ची आणि नाव उभ्या रेघेने जोडतं, सगळं एका उभ्या रकान्यात ओततं, पुन्हा तोडतं आणि नाव नसलेल्या ओळी गाळतं. जोडताना नाव शेवटी ठेवलंय ते मुद्दाम. `SPLIT` रिकामे तुकडे टाकून देतं. नाव आधी असतं तर रिकाम्या खुर्चीच्या ओळीत रांगेचं अक्षर नावाच्या जागी येऊन बसलं असतं, आणि 'बी' नावाचे एक पाहुणे यादीत शिरले असते.

आमच्या यादीत ८५ नावं आली. शीटमधले भरलेले खाने मोजले तर तेही ८५. सूत्र बरोबर होतं, पण कागदावर पेन्सिलने मोजल्यावर खुर्च्या ९४ निघाल्या. रांगेगणिक मोजून पाहिलं: ई मध्ये कागदावर १२ आणि यादीत ६, जी मध्ये ११ आणि यादीत ८. चौघांच्या कुटुंबाला चार चौकोन जोडून त्यावर एकदाच आडनाव टाकायची आपली पद्धत आहे. अशी तीन कुटुंबं होती, आणि जोडलेल्या चौकोनातलं नाव शीटमध्ये एकाच खान्यात येतं. बाकीचे तीन सूत्राच्या लेखी रिकामे. तीन त्रिक नऊ, हिशेब लागला. ती नावं चारही खान्यांत भरल्यावर यादी आपोआप ९४ ची झाली. शीटची तुलना शीटशीच केली असती तर हे कधीच कळलं नसतं, आणि त्या नऊ खुर्च्या मोकळ्या समजून कोणीतरी आयत्या वेळी आलेल्यांना देऊन टाकल्या असत्या.

संख्या जुळली तरी नावं तपासायची राहतात. स्कॅन वाचणाऱ्या प्रोग्रॅमला आपल्यातल्या एका मोठ्या घराण्याशी वैर आहे. इंग्रजीत `r` आणि `n` शेजारी आले की ते `m` वाटतात, आणि `Kulkarni` चे `Kulkami` होतात. कर्णिकांचंही तेच, `Kamik`. नुसतं डोळ्यांनी वाचून हे सुटतं, कारण आपण ओळखीचं नाव वाचत नाही, ओळखतो. त्यापेक्षा सभासदांची यादी `Members` नावाच्या पानावर ठेवा आणि नव्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे ती विचारा. समजा नावं पी रकान्यात आहेत:

```
=COUNTIF(Members!A:A,P2)
```

शून्य आलं की कागद काढून बघायचा. पाहुण्यांची नावंही शून्यात येतील, तेवढी हाताने तपासायची.

आणखी एक चूक मात्र ना संख्येत दिसते ना नावात. चौकोनांवर आकडे छापलेले नसतील तर एक नंबर कुठल्या बाजूचा? रंगमंच कागदाच्या वर काढलेला असेल तर कागदाचा डावा हात हा बसणाऱ्याचाही डावा. रंगमंच खाली काढला असेल तर कागदाची डावी बाजू बसणाऱ्याच्या उजवीकडे येते. बाजू चुकली की दुसरा अकरावा होतो, चौथा नववा. गंमत म्हणजे सहा आणि सात एकमेकांची जागा घेतात आणि दोन्ही वाटेवरच राहतात. त्यामुळे गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना वाटेवरची खुर्ची मिळतेच, फक्त वाटेच्या दुसऱ्या बाजूची, आणि मदतीच्या यादीत त्या चुकीच्या जागी दिसतात. आमच्याकडे ए रांगेतल्या त्या दोन नसलेल्या खुर्च्या उपयोगी पडल्या. हॉलमध्ये उभं राहून चाकाच्या खुर्चीची जागा कुठल्या हाताला आहे ते बघितलं आणि यादीतही ११ आणि १२ च मोकळ्या आहेत ना हे ताडलं. सगळ्या रांगा सारख्या असतील तर एका कोपऱ्यातली खुर्ची हॉलवर जाऊन बघण्याला पर्याय नाही.

शेवटी त्या यादीच्या दोन प्रती निघतात. आडनावाने लावलेली दारावरच्या मुलांकडे जाते. मदत लागणाऱ्यांची, रांगेने लावलेली, फक्त व्यवस्थापक आणि दोन स्वयंसेवकांकडे. ती भिंतीवर चिकटवायची नाही, कोणाचे गुडघे दुखतात हे सगळ्या हॉलने वाचायचं काही कारण नाही.