पावती नक्की कोणाची हरवली?

आयकर खात्याची जुन्या वर्षाची नोटीस आली की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. पहिला घरातून येतो, "कागद नीट जपून ठेवायला काय झालं होतं?" दुसरा सल्लागाराकडून, "भरून टाका हो, कटकट नको." दोन्ही ऐकून माझं डोकं फिरतं. कारण दोघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते, की पावती नाही म्हणजे कर भरलेला नाही. मंडळी, हे साफ चूक आहे. का, ते आमच्या सांगलीच्या थोरल्या काकांच्या प्रकरणावरून सांगतो. नातेवाइकांपैकी निम्म्यांना गोष्ट ठाऊक आहे, पण तपशील कोणालाच नीट माहीत नाही.

काका साताऱ्याला शिक्षक होते. निवृत्तीनंतर सांगलीला आले, बँकेचं खातं साताऱ्यालाच राहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना कलम २४५ खालची सूचना आली. म्हणणं एवढंच, की तुमचा या वर्षीचा परतावा आम्ही कर निर्धारण वर्ष २०१३-१४ च्या थकबाकीत वळता करणार आहोत. थकबाकी रुपये १२,३४०. त्यावर कलम २२०(२) नुसार महिना एक टक्का व्याज. शंभराच्या पटीत खाली आणून १२,३०० वर महिन्याला १२३ रुपये, आणि मे २०१४ पासून ११२ महिने, म्हणजे १३,७७६ रुपये. व्याज मुद्दलाच्या पुढे गेलेलं. "भरून टाका" या सल्ल्याची किंमत २६,११६ रुपये होती, हे सल्ला देणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

काकांना पक्कं आठवत होतं की त्यांनी जुलै २०१३ मध्ये बँकेच्या काउंटरवर स्वनिर्धारण कर भरला होता. पण चलनाची काउंटरफॉइल, विवरणपत्राची प्रत आणि पोचपावती हे सगळं एका फायलीत होतं, आणि ती फाईल गावभागातल्या घरात तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्या फायलीचा लगदा झाला. आता "जपून ठेवायला काय झालं होतं" हे कृष्णामाईला विचारा.

बरं, जपायचं तरी किती वर्षं? ज्या व्यावसायिकांना हिशेबवह्या ठेवायची सक्ती होती, त्यांनाही १९६१ च्या कायद्याखालच्या नियमांनी कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सहाच वर्षं सांगितली होती. बँकांना नियमाने काही नोंदी पाच वर्षं आणि काही आठ वर्षं ठेवाव्या लागतात. आणि मागणी? ती दहा वर्षांनीही जिवंत, वर व्याज खाऊन गुटगुटीत झालेली. पुरावा मरतो पण दावा मरत नाही, हा माझा पहिला आक्षेप.

आता मुख्य भाग. फाईल गेली, तर ती परत उभी कशी करायची?

सुरुवात पोर्टलपासून. जून २०२१ मध्ये पोर्टल बदललं, पण जुनी ई-विवरणपत्रं नव्यावर आली आहेत. लॉगिन करून `e-File`, मग `Income Tax Returns`, मग `View Filed Returns`. तिथे वर्षाप्रमाणे यादी दिसते. `Download Receipt` म्हणजे पोचपावती, `Download Form` म्हणजे विवरणपत्राची प्रत. बहुतेक लोक पोचपावती उतरवतात आणि थांबतात. पोचपावती एवढंच सिद्ध करते की विवरणपत्र दाखल झालं. कर पोचला हे तिने सिद्ध होत नाही. खरा ऐवज विवरणपत्राच्या प्रतीत असतो. त्यात आगाऊ आणि स्वनिर्धारण कराचा एक तक्ता असतो आणि त्यात शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, भरणा तारीख आणि चलनाचा पाच आकडी क्रमांक लिहिलेला असतो. या तिघांना मिळून चलन ओळख क्रमांक म्हणतात. म्हणजे पुरात वाहून गेलेल्या काउंटरफॉइलवर जे महत्त्वाचं होतं, ते काकांनी स्वतःच दहा वर्षांपूर्वी विवरणपत्रात टंकून ठेवलं होतं! तारीख होती २९ जुलै २०१३.

मग `View Form 26AS`. हे खात्याचं स्वतःचं खातेपुस्तक. कर निर्धारण वर्ष २०१३-१४ उघडलं. टीडीएस होता, पण १२,३४० कुठेच नाहीत. इथे माणूस हताश होतो आणि पैसे भरायला निघतो. थांबायचं, आणि आधीचं वर्ष उघडायचं. २०१२-१३ उघडलं आणि सापडलं. रुपये १२,३४०, गौण शीर्ष ३०० म्हणजे स्वनिर्धारण कर, तारीख २९ जुलै २०१३, तोच बीएसआर कोड, तोच चलन क्रमांक.

झालं असं होतं. उत्पन्न आर्थिक वर्ष २०१२-१३ चं, त्याचं कर निर्धारण वर्ष २०१३-१४. चलनावर कर निर्धारण वर्ष लागतं, पण काउंटरवर नोंद झाली २०१२-१३ अशी. ही गल्लत इतकी सर्रास होते की जुनी मागणी दिसली की मागचं आणि पुढचं वर्ष आधी तपासावं. ओळखायची खूण सोपी आहे. मागणी चलनाच्या रकमेइतकीच असेल, तर पैसे बहुधा शेजारच्या खोलीत बसलेले असतात.

तिसरा धागा बँकेचा. शाखेने आधी "इतकं जुनं संगणकावर दिसत नाही" असं सांगितलं. तोंडी विचारलं की तोंडी नकार मिळतो. काकांनी लेखी अर्ज दिला. खाते क्रमांक, जुलै २०१३ चा उतारा, कारण म्हणून आयकर नोटीस, आणि बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्टप्रमाणे प्रमाणित प्रत हवी असं स्पष्ट. शुल्क भरलं, तीन आठवडे लागले, उतारा आला. २९ जुलैला १२,३४० खर्ची, समोर कर भरण्याची नोंद. बँकेची मर्यादाही इथेच सांगतो. उतारा दाखवतो की पैसे खात्यातून गेले. ते सरकारी खात्यात कोणत्या पॅनवर, कोणत्या वर्षात जमा झाले हे तो सांगत नाही. म्हणून नुसता उतारा जोडून उपयोग नसतो, चलन ओळख क्रमांकाशी त्याची गाठ मारावी लागते. रोख भरलेल्यांना तर हा धागाच नाही.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आणखी एक गुंता आहे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. त्या काळच्या चलनावरच्या शिक्क्यातलं नाव आज कोणत्याच पाटीवर नाही. तेव्हा बहुतेकांची विवरणपत्रंही कागदीच होती, ती पोर्टलवर शोधू नका. आणि `Form 26AS` कर निर्धारण वर्ष २००९-१० च्या मागे जात नाही. तिथे घरातलं जुनं पासबुकच कामाला येतं.

काकांनी मग एका पानाचं मेळपत्रक केलं. डावीकडे मागणी, उजवीकडे चलन, खाली एक वाक्य, की हीच रक्कम तुमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या नावाने पडून आहे. सोबत विवरणपत्राची प्रत, दोन्ही वर्षांचे 26AS आणि बँकेचा उतारा. पोर्टलवर `Pending Actions` खाली `Response to Outstanding Demand` मध्ये `Disagree with Demand` निवडून हे मुदतीत जोडलं. पण बंगळुरूचं केंद्र इतक्या जुन्या चलनाचं वर्ष बदलत नाही, ते काम आपल्या निर्धारण अधिकाऱ्याचं. तिथे ऐकायला मिळालं की कलम १५४ च्या दुरुस्तीची चार वर्षांची मुदत संपली. काकांनी लेखी उत्तर दिलं, की माझं निर्धारण बदलू नका, तुमच्या वहीतली जमेची नोंद योग्य पानावर न्या. तीन हेलपाटे झाले. मार्च २०२४ मध्ये चलनाचं वर्ष दुरुस्त झालं आणि मागणी शून्यावर आली.

आता मला सांगा, पावती कोणाची हरवली होती? काकांची फाईल २०१९ मध्ये भिजली. पण खात्याकडे त्याच पॅनवर एका वर्षात १२,३४० ची बेवारस जमा आणि लगतच्या वर्षात १२,३४० ची मागणी, अशा दोन नोंदी दहा वर्षं शेजारी शेजारी पडून होत्या. संगणकाला हे जुळवायला क्षणभर लागला असता. त्याऐवजी खात्याने सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते जुळवायला लावलं, आणि तोवर व्याज चालू ठेवलं.

कोणी म्हणेल, लोक खोटी चलनं दाखवतात, खात्याने पुरावा मागायचाच नाही का? मागावा की! पण चलन ओळख क्रमांक नेमका त्यासाठीच आहे. तो खात्याच्याच वहीत तपासता येतो, त्यात करदात्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा प्रश्नच येत नाही. माझी मागणी इतकीच आहे, की कलम २४५ ची सूचना पाठवण्याआधी त्या पॅनच्या मागच्या-पुढच्या वर्षांतल्या न वापरलेल्या जमा रकमा तपासणं सक्तीचं असावं. आणि रक्कम सापडली, तर व्याज आपोआप रद्द व्हावं.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनीच मान्य केलं की पडताळणी न झालेल्या, मेळ न बसलेल्या छोट्या मागण्या पार १९६२ पासून वहीत पडून आहेत. मग आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५,००० पर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १०,००० पर्यंतच्या मागण्या सोडून दिल्या. काकांची १२,३४० ची, म्हणून त्या चाळणीच्या बाहेर. माफी दिली हे बरंच झालं, पण माफी चुकणाऱ्याला देतात. इथे काहींची चूक नव्हतीच, मेळ घालायचा राहिला होता.

एक शेवटचं, आणि हे आपल्या घरच्यांसाठी. ही मागणी २०१४ मध्येच कळवली गेली होती. ती गेली सल्लागाराच्या ई-मेलवर, कारण पोर्टलवर पत्ता आणि मोबाईल त्याचाच नोंदवलेला होता. तेव्हाच कळलं असतं तर कलम १५४ ची मुदत हाती होती. सल्लागार जरूर ठेवा, पण पोर्टलवर `My Profile` मध्ये ई-मेल आणि मोबाईल स्वतःचा किंवा मुलांचा घाला. आणि आज सवड असेल तर प्रत्येक वर्षाच्या विवरणपत्राची पूर्ण प्रत आणि 26AS उतरवून दोन वेगवेगळ्या गावांत ठेवा. एक सांगलीत ठेवली, तर दुसरी साताऱ्यात, उंचावर.