कोड वाचा, मगच कार्ड बदला

खारघरच्या आमच्या कापड दुकानातील इन्व्हर्टर एसी गेल्या पावसाळ्यात थंडावा देईनासा झाला. आतल्या यंत्रावर E1 लुकलुकत होते. मेकॅनिक म्हणाले, "बाहेरचे कार्ड गेले." आम्ही पुस्तिका उघडली. तिच्यात E1 म्हणजे आतल्या व बाहेरच्या यंत्रांचा संपर्क तुटला, एवढेच होते. संपर्क कार्डामुळे तुटतो, तसाच तारेमुळेही. मेन स्विच बंद करवून आधी तार तपासायला लावली. भिंतीबाहेरच्या जोडात पाणी शिरून तांबे हिरवे पडले होते. अखंड तार टाकली; कार्ड तेच राहिले.

व्यापारी बंधूंनो, कोड बिघाडाची दिशा दाखवतो, खराब भाग सांगत नाही. शिवाय कोड कंपनीगणिक बदलतो. ग्रीच्या यंत्रात E1 म्हणजे गॅसचा दाब वाढला; तेथे बाहेरची जाळी धुळीने तुंबली का ते पाहावे. डायकिनच्या बऱ्याच रिमोटवर कॅन्सल बटण पाच सेकंद दाबून धरावे, मग लांब बीप येईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे. तेव्हा पडद्यावर दिसेल तो कोड. जेथे फक्त दिवा लुकलुकतो, तेथे दोन थांब्यांमधील लुकलुक मोजावी. वीज तोडली की खूण पुसली जाऊ शकते, म्हणून आधी लिहून ठेवावे.

कार्ड बदलण्यापूर्वी तार तपासली का, हे विचारणे आमच्या मते गिऱ्हाइकाचा हक्क आहे.