परदेशी घराचे हप्ते आणि रुपयाचा दर: रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांस खुले पत्र

माननीय गव्हर्नर महोदय,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



बेलापूर येथील आपल्या बँकेच्या इमारतीपासून फार दूर नसलेल्या वाशीत राहणारा मी एक निवृत्त अभियंता आहे. दुबईत नोकरी करणाऱ्या कन्येजवळ उतारवयात हक्काचा निवारा असावा, या हेतूने जानेवारी 2023 मध्ये मी तेथील एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 7,34,500 दिरहमांचा फ्लॅट नोंदविला. दिरहम 1997 पासून डॉलरशी 3.6725 या दराने बांधलेला असल्यामुळे ही किंमत म्हणजे दोन लाख डॉलर, आणि जोखीम ती केवळ रुपयाच्या दराची, हे उघड होते. हप्ते तीन ठरले: प्रारंभी 40 हजार डॉलर, वर्षाने 60 हजार आणि ताब्याच्या वेळी, जानेवारी 2025 मध्ये, एक लाख.

रुपया घसरतच जाणार, सबब सारी रक्कम आजच डॉलरांत पालटा, असे कित्येकांनी सुचविले. उलटपक्षी, हप्त्यांनी पालटल्यास एसआयपीप्रमाणे सरासरीचा लाभ आपोआप मिळतो, असेही काहींनी सांगितले. हे दुसरे मत मला अधिक घातक वाटते, कारण ते शास्त्रशुद्ध भासते. एसआयपीत दरमहा रुपये ठरलेले असतात, म्हणून स्वस्ताईत युनिटे अधिक आणि महागाईत कमी पदरात पडतात. घराच्या हप्त्यात मात्र डॉलर ठरलेले असतात, आणि दर कितीही चढला तरी तितकेच डॉलर विकत घ्यावे लागतात, तेव्हा त्या लाभाचा येथे संबंधच उरत नाही. शिवाय ही सरासरी दरांची नव्हे, रकमेच्या भाराची असते. मला बँकेने तीन वेळा अनुक्रमे 83, 84 आणि 87 रुपये दर लावला; त्यांची साधी सरासरी 84.67 येते, परंतु सर्वांत मोठा हप्ता सर्वांत महाग दराने गेल्यामुळे एकूण खर्च 1 कोटी 70 लाख 60 हजार, म्हणजे डॉलरमागे 85.30 रुपये पडला.

प्रारंभीच सारे पालटले असते तर 1 कोटी 66 लाखांत भागले असते, म्हणजे हप्त्यांपायी 4 लाख 60 हजार अधिक गेले, असा निष्कर्ष माझ्या एका स्नेह्याने तत्काळ काढला, आणि काही काळ मीही तो खरा मानून हळहळत राहिलो. त्यात विसर पडला होता तो काळाचा. पहिला हप्ता गेल्यावर उरलेले 1 कोटी 32 लाख 80 हजार रुपये मुदतठेवीत होते, आणि कर वजा जाता त्यांवर वर्षाला 5 टक्के सुटत होते. वर्षाने ती रक्कम 1 कोटी 39 लाख 44 हजार झाली. दुसरा हप्ता देऊन उरलेली पुढील वर्षी 93 लाख 49 हजारांवर गेली. आणि शेवटचे 87 लाख देऊनही सुमारे साडेसहा लाख शिल्लक राहिले. शेवटच्या दिवशी डॉलर 93 रुपये 49 पैशांच्या वर गेला असता, तरच एकदाच पालटणे मला लाभदायक ठरले असते. ऑक्टोबर 2023 पासून टीसीएस 5 वरून 20 टक्के झाल्यामुळे पुढील हप्त्यांत बरीच रक्कम काही महिने अडकली. ती प्राप्तिकरात वळती झाली तरी मधल्या काळाचे व्याज बुडाले, आणि लाभ सुमारे अर्ध्या लाखाने घटला.

हाच हिशेब सर्वांना लागू पडेल असे नाही. रुपयाची घसरण ठेवीच्या व्याजाहून वेगवान झाली, अथवा विकासकाने एकरकमी भरण्यावर भरीव सूट दिली, तर निर्णय फिरेल. मात्र उदारीकृत प्रेषण योजनेत वर्षाची मर्यादा अडीच लाख डॉलरांची आहे, आणि परदेशी पाठविलेली रक्कम 180 दिवसांत विनियोगात न आल्यास परत आणावी लागते. तेव्हा एकदाच पालटणे म्हणजे व्यवहारतः इमारत उभी राहण्यापूर्वी सारे मोल विकासकाच्या हवाली करणे होय.

दर पुढे कोठे जाईल हे आपल्या किंवा माझ्या हाती नाही. परंतु त्या दरात बँकेने आपला किती वाटा मिळविला, हे कळणे शक्य असूनही मला कळले नाही. तिन्ही पावत्यांवर केवळ लावलेला दर नमूद होता. एफबीआयएल दररोज प्रसिद्ध करीत असलेला संदर्भदर मी नंतर स्वतः शोधून शेजारी मांडला, तेव्हा डॉलरमागे सरासरी 80 पैशांची तफावत आढळली. दोन लाख डॉलरांवर ती 1 लाख 60 हजार रुपये होते. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा मंच 2019 पासून सामान्य ग्राहकांसाठी खुला आहे, ही माहितीही शाखेत मला कोणी दिली नाही.

सबब माझी विनंती अशी की, परदेशी पाठविल्या जाणाऱ्या प्रत्येक रकमेच्या पावतीवर त्या दिवसाचा संदर्भदर, बँकेने लावलेला दर आणि या दोहोंतील तफावतीची रुपयांतील एकूण रक्कम, या तीन गोष्टी ठळकपणे छापणे सर्व अधिकृत बँकांना बंधनकारक करावे, आणि पैसे वळते करण्यापूर्वी त्या ग्राहकास दाखवून त्याची सही घेण्याची तजवीज करावी.

आपला नम्र,
एक ठेवीदार, वाशी, नवी मुंबई