कर्ज काढलं की शेअरची किंमत वाढते? आकडेमोडीतली एक मोठी गल्लत

जळगाव-धुळ्यात शेअर बाजाराच्या गप्पा निघाल्या की त्या फिरून ‘जैन इरिगेशन’वर येतात. घराघरात कुणी ना कुणी हा शेअर घेतलेला असतो, किंवा घेऊन विकलेला असतो. २०१९च्या सुरुवातीला ७०च्या घरात असलेला हा शेअर २०२०मध्ये दहा रुपयांच्याही खाली गेला. बांभोरीतला कारखाना तोच होता, ठिबकच्या नळ्याही त्याच होत्या. मग शेअरचं मोल एवढं कसं आटलं? याचं उत्तर बऱ्याच अंशी कर्जात आहे. शेअरची किंमत काढण्याच्या एका लोकप्रिय पद्धतीत कर्जाचा हिशेब कसा चुकतो, ते समजून घेऊया.

दोन पद्धती, दोन सीमा

पहिल्या पद्धतीत संपूर्ण कंपनीची किंमत काढतात. धंद्यातून कर भरून, यंत्रसामग्रीवर खर्च करून आणि खेळतं भांडवल बाजूला काढून उरलेली रोकड म्हणजे कंपनीचा मोकळा रोख प्रवाह, अर्थात एफसीएफएफ. या रोकडीवर बँकेचा आणि भागधारकांचा असा दोघांचाही हक्क असतो. तिच्यावरून कंपनीची किंमत काढायची, त्यातून कर्ज वजा करायचं. उरेल ते भागधारकांचं.

दुसरी पद्धत थेट भागधारकाच्या खिशापासून सुरू होते. वरच्या रोकडीतून व्याज वजा करायचं आणि त्यात निव्वळ कर्जउचल मिळवायची. निव्वळ कर्जउचल म्हणजे वर्षभरात घेतलेलं नवं कर्ज, त्यातून फेडलेलं जुनं वजा. उरतो तो एफसीएफई, म्हणजे भागधारकांचा मोकळा रोख प्रवाह. इंजिनिअरिंगला थर्मोडायनॅमिक्स शिकलेल्यांना हे लगेच उमगेल. प्रश्न फक्त सीमारेषा कुठे आखायची एवढाच आहे. रेषेच्या आत बँक असेल तर तिचं देणंघेणं दिसत नाही; बँक बाहेर ठेवली की प्रत्येक रुपया मोजावा लागतो.

एक कारखाना, दोन किमती

जळगाव एमआयडीसीतला पाइपचा एक काल्पनिक कारखाना घेऊ. कर भरून, खर्च भागवून येत्या वर्षी त्याच्याकडे ३० कोटी उरतील. कर्ज ४०० कोटी, व्याजदर १० टक्के, म्हणजे व्याज ४० कोटी. व्याजावर करात २५ टक्के सवलत मिळते, म्हणून खरा भार ३० कोटींचा. थोडक्यात, धंद्याची सगळी रोकड व्याजातच जाते आणि भागधारकाला उरतं शून्य.

पण त्याच वर्षी मालकाने ९० कोटींचं नवं कर्ज उचललं आणि ५० कोटी फेडले, असं समजा. निव्वळ उचल ४० कोटी. झालं! एफसीएफई शून्यावरून थेट ४० कोटी.

आता घाईत असलेला विश्लेषक म्हणतो, भागधारकाला १५ टक्के परतावा हवा आणि धंदा दरवर्षी ५ टक्के वाढेल, म्हणून ४० कोटींना १० टक्क्यांनी भागा. किंमत आली ४०० कोटी. शेअर १० कोटी असतील तर एका शेअरचे ४० रुपये.

दुसऱ्या बाजूने पाहू. बँक आणि भागधारक दोघांना मिळून सरासरी ११ टक्के परतावा हवा, असं धरलं तर ३० कोटींना ६ टक्क्यांनी भागून कंपनीची किंमत ५०० कोटी येते. त्यातून ४०० कोटी कर्ज गेलं की उरले १०० कोटी. शेअर १० रुपयांचा.

कारखाना एकच, पण एका हिशेबात शेअर ४० रुपयांचा आणि दुसऱ्यात १० रुपयांचा.

चूक कुठे झाली?

चुका दोन आहेत. पहिली, धंदा ५ टक्के वाढणार म्हणायचं आणि कर्ज १० टक्के वाढवायचं. ४०० कोटींवर ४० कोटींची उचल दरवर्षी चालू राहील, असं आपण नकळत गृहीत धरलं. धंद्याच्या वेगानेच कर्ज वाढलं तर उचल २० कोटी होते आणि एफसीएफईही २० कोटींवर येतो.

दुसरी चूक १५ टक्क्यांची. ५०० कोटींच्या कंपनीत ४०० कोटी बँकेचे असतील, तर धंद्यातला प्रत्येक हेलकावा उरलेल्या १०० कोटींवर आदळतो. एवढी जोखीम १५ टक्क्यांत कुणी का घेईल? हिशेब करून पाहा. करसवलतीनंतर कर्जाचा खर्च साडेसात टक्के आणि त्याचा वाटा ८० टक्के, म्हणजे सरासरीत ६ टक्के तिथून आले. ११ होण्यासाठी उरलेले ५ टक्के भागधारकांच्या २० टक्के वाट्यातून यायला हवेत. म्हणजे भागधारकाला २५ टक्के परतावा हवा. आता २० कोटींना २५ वजा ५, अर्थात २० टक्क्यांनी भागा. उत्तर १०० कोटी. दोन्ही वाटा एकाच गावात पोहोचल्या.

माझं मत स्पष्ट आहे. एफसीएफई ही पद्धत वाईट नाही. बँकेसारख्या धंद्यात, जिथे ठेवी हाच कच्चा माल असतो, तिथे तीच योग्य. पण कर्जाचं प्रमाण वर-खाली होत असलेल्या कारखान्याला ती लावू नये. प्रमाण बदललं की भागधारकाचा अपेक्षित दर झपाट्याने बदलतो. कंपनीचा सरासरी दर त्यामानाने बराच स्थिर राहतो.

नळ बंद झाला तर?

आपल्या कारखान्याला पुढच्या वर्षी बँकेने नवं कर्ज नाकारलं, पण ५० कोटींचा हप्ता मात्र आला, असं समजा. एफसीएफई थेट उणे ५० कोटी. धंदा अजूनही ३० कोटी कमावतोय, तरी भागधारकाला खिशातून घालायची वेळ येते.

‘जैन’च्या बाबतीत ठिबकच्या अनुदानाचे पैसे सरकारांकडे अडकणं हा जुना आजार होता. माल विकला जातो, नफा कागदावर दिसतो, रोकड मात्र येत नाही. मध्यंतरीची पोकळी कर्ज भरून काढतं. २०१९मध्ये फेड अडखळली, शेअर कोसळला आणि बँकांशी झालेली कर्ज पुनर्रचना मार्च २०२२मध्ये पार पडली. त्यात कर्जाचा काही भाग नाममात्र व्याजाच्या रोख्यांत गेला. इथे एफसीएफई पुन्हा फसवतो. व्याज जवळपास नाही म्हणून तो बरा दिसतो, पण मुद्दल कधी ना कधी द्यायचंच असतं.

मग मार्च २०२३मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय टेमासेकच्या मालकीच्या रिव्हुलिसमध्ये विलीन झाला. बदल्यात रोख रक्कम आणि नव्या कंपनीत छोटा हिस्सा मिळाला. कर्ज मोठ्या प्रमाणात उतरलं. अशा वर्षी निव्वळ उचल खोल उणे दिसते. तो आकडा पुढच्या वर्षांवर लादणंही तितकंच चूक. संपूर्ण कंपनीच्या पद्धतीत हे सरळ मांडता येतं: विकलेल्या धंद्याची रोकड काढा, उरलेल्याची किंमत काढा, रिव्हुलिसमधला हिस्सा मिळवा आणि आजचं कर्ज वजा करा.

आकडे कुठे सापडतील?

वार्षिक अहवालातलं कॅश फ्लो स्टेटमेंट उघडा. शेवटच्या भागात, वित्तीय व्यवहारांत, कर्ज घेतल्याची आणि फेडल्याची रक्कम वेगवेगळी असते. सीसी लिमिटसारखी अल्पमुदतीची उचल बहुधा एकाच निव्वळ आकड्यात मिळते, ती विसरू नका. आणखी एक खाच: इंड-एएस नियमांनुसार कारखानदार कंपन्या भरलेलं व्याजही याच भागात दाखवतात. धंद्यातून आलेल्या रोकडीत ते वजा झालेलं नसतं, म्हणून एफसीएफई काढताना आपणच वजा करावं लागतं.

संपूर्ण कंपनीच्या पद्धतीलाही एक मर्यादा आहे. वरच्या कारखान्याचा सरासरी दर ११ऐवजी १२ टक्के धरा. कंपनीची किंमत ५०० वरून साधारण ४२९ कोटींवर येते, म्हणजे फक्त १४ टक्क्यांनी घटते. पण ४०० कोटी कर्ज वजा केल्यावर भागधारकाकडे १०० ऐवजी २९ कोटी उरतात आणि दहा रुपयांचा शेअर तीन रुपयांच्या आत येतो.