तुमची ट्यूब किती दिवस पुरते?

परीक्षा संपली, की हॉस्टेलमध्ये एक वाद हमखास रंगतो. उन्हाळा असतो, कुणाची इंटर्नशिप, कुणाचा ट्रेक, कुणाची पोलीस भरतीची ग्राउंड प्रॅक्टिस. मेडिकलमधून सनस्क्रीन आणायचं ठरतं आणि दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, "पन्नासवालंच घे, तिसापेक्षा जवळपास डबल आहे." दुसरी म्हणते, "अगं, कशाला पैसे घालवतेस? तीस ९७ टक्के अडवतं, पन्नास ९८. एका टक्क्यासाठी दीडशे रुपये?" आमच्या रूमवर हा वाद झाला तेव्हा मी दुसऱ्या पार्टीत होते आणि आपण फार शहाणे आहोत असं मला वाटत होतं. हिशोब कागदावर मांडल्यावर कळलं, की दोन्ही पार्ट्या अर्ध्या बरोबर आहेत आणि खरा घोळ वेगळाच आहे.

आधी तो आकडा येतो कुठून ते बघू. एसपीएफ ठरवताना लॅबमध्ये स्वयंसेवकांच्या पाठीवर दिव्यातून अतिनील किरण सोडतात. उघडी त्वचा किती डोसला लालसर होते ते दुसऱ्या दिवशी तपासतात. मग शेजारच्या जागेवर सनस्क्रीन लावून तेच करतात. लालसर व्हायला ३० पट डोस लागला, तर एसपीएफ ३०. म्हणजे उन्हाने भाजणाऱ्या किरणांचा तिसावा हिस्साच त्वचेपर्यंत पोचला. हे किरण मुख्यतः यूव्हीबी गटातले असतात.

त्यामुळे टक्के काढणं एकदम सोपं आहे. १०० ला एसपीएफने भागा, म्हणजे किती टक्के किरण आत आले ते कळतं. उरलेले अडले. एसपीएफ १५ असेल तर साधारण ६.७ टक्के आत येतात, ९३.३ अडतात. ३० ला ३.३ आत, ९६.७ बाहेर. ५० ला २ आत, ९८ बाहेर. १०० ला १ आत, ९९ बाहेर.

आता "एकाच टक्क्याचा फरक" म्हणणारे बघतात ती बाजू अडलेल्या किरणांची. तिथे ९६.७ आणि ९८ हे आकडे खरंच शेजारी शेजारी आहेत. पण त्वचा भाजते ती अडलेल्या किरणांनी नाही, आत आलेल्या किरणांनी. त्या बाजूने बघा: ३.३ वरून २. म्हणजे आत येणारा डोस ४० टक्क्यांनी कमी झाला. १५ वरून ३० वर गेलात तर तो निम्मा होतो. छत्रीने किती पाणी अडवलं हे आपण मोजत नाही, आपण किती भिजलो ते बघतो. इथेही तेच.

हा फरक फक्त कागदावरचा नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या वेल या स्की रिसॉर्टवर १९९ जणांवर एक प्रयोग झाला, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. प्रत्येकाने चेहऱ्याच्या एका बाजूला एसपीएफ ५०+ आणि दुसऱ्या बाजूला १००+ लावलं. कोणती बाजू कोणती हे त्यांना माहीत नव्हतं, आणि किती लावायचं हेही सांगितलं नव्हतं. दिवसभर बर्फावर उन्हात फिरून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तपासलं, तर साधारण ५५ टक्के लोकांची ५०+ वाली बाजू जास्त भाजली होती. १००+ वाली बाजू जास्त भाजली अशी माणसं ५ टक्के. टक्केवारीच्या भाषेत हा फरक ९८ आणि ९९ चा! अर्थात, हा प्रयोग सनस्क्रीन बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता आणि बर्फावरचं ऊन आपल्याकडच्या उन्हासारखं नसतं, हेही लक्षात ठेवायला हवं. तरी "एका टक्क्याने काय होतं" असं म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना तो गप्प बसवतो.

मग पन्नासवाली पार्टी जिंकली? थांबा. लॅबमधली एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. तिथे सनस्क्रीन लावतात ते मोजून, दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम. लेबलवरचा आकडा त्या जाडीच्या थराचा असतो. आपण रोज लावतो तो थर साधारणपणे त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही पातळ असतो. वाटाण्याएवढा ठिपका घ्यायचा, तळहातावर चोळायचा, आणि चेहऱ्यावर फिरवून बाहेर पडायचं. थर पातळ झाला की संरक्षणही उतरतं. निम्मं लावलं तर एसपीएफ फार तर निम्म्यावर येतो, कधी त्याहूनही खाली जातो.

आपण किती लावतो हे कळायला लॅब लागत नाही. ट्यूब किती दिवस पुरते ते बघा. चेहरा आणि मानेचा पुढचा भाग मिळून साधारण ६०० चौरस सेंटीमीटर धरू. दर सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम म्हणजे एका वेळेला १.२ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा अशी लावली तर ४० दिवसांत संपायला हवी. आता आमच्या रूमचा हिशोब सांगते. माझ्या रूममेटची एसपीएफ ५० ची ५० ग्रॅमची ट्यूब चार महिने चालली होती, आणि ती ते अभिमानाने सांगायची. १२० दिवसांत ५० ग्रॅम म्हणजे दिवसाला जेमतेम ०.४ ग्रॅम. लागतं त्याच्या एक तृतीयांश. मग तिच्या चेहऱ्यावरचा एसपीएफ ५० नव्हताच, तो फार तर १६-१७ होता. १०० भागिले १६.७ करा, आत आले ६ टक्के किरण. शेजारच्या रूममधली मैत्रीण एसपीएफ ३० वापरते, पण तिची ट्यूब सव्वा महिन्यात संपते. तिच्या त्वचेपर्यंत आले ३.३ टक्के. म्हणजे लेबलवर मोठा आकडा असलेलीच्या चेहऱ्यावर जवळपास दुप्पट डोस पोचत होता.

बाकी माझी ट्यूब किती चालली होती ते विचारू नका. गेल्या दिवाळीतली होती आणि मे महिन्यातही अर्धी भरलेली होती. एका टक्क्यावर भाषण देणारी मी, माझ्या चेहऱ्यावर तर लेबलचा पाव हिस्साही नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं. आकडा निवडताना आधी खिशाकडे बघा. समजा, एक ट्यूब २५० रुपयांची एसपीएफ ३० आहे आणि दुसरी ४०० ची एसपीएफ ५०, दोन्ही ५० ग्रॅमच्या. पूर्ण थर लावायचा तर पहिली दिवसाला ६ रुपयांना पडते, दुसरी साडेनऊच्या पुढे. तेवढं जमत असेल आणि तुम्ही दोन्ही सारख्याच सढळ हाताने लावणार असाल, तर ५० घ्या, ते चांगलंच आहे. पण महाग आहे म्हणून जपून जपून लावणार असाल, तर तो मोठा आकडा तुम्ही फक्त दुकानदाराकडून विकत घेतला, चेहऱ्यावर आणलाच नाही. त्यापेक्षा ३० घ्या आणि ट्यूब सव्वा महिन्यात संपवा. मोजायला सोपी रीत म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. चेहरा आणि मानेला साधारण तेवढं लागतं. एकदम लावून पांढरं दिसत असेल तर अर्धं आधी लावा, ते मुरलं की उरलेलं.

ग्राउंडवर धावणाऱ्यांसाठी आणखी एक हिशोब. एका पूर्ण हाताला, खांद्यापासून बोटांपर्यंत, साधारण ३ ग्रॅम लागतं. दोन हात आणि चेहरा-मान मिळून सात ग्रॅमच्या वर. ५० ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात फस्त! हे कुठल्या स्टुडंटला परवडणार? म्हणून हातांसाठी फुल बाह्यांचा टी-शर्ट घाला, डोक्यावर टोपी ठेवा, आणि सनस्क्रीन चेहऱ्या-मानेसाठी राखून ठेवा. घाम पुसला की थरही पुसला जातो. त्यामुळे उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, मग एसपीएफ ३० असो की ५०. मोठ्या आकड्याने हे दोन तास लांबत नाहीत. "एसपीएफ ५० आहे, दुपारपर्यंत चिंता नाही" हे वाक्य त्यामुळेच चुकीचं आहे. आकडा डोस सांगतो, तास नाही.

आणि त्या ९८ टक्क्यांत काय मोजलेलं नाही, तेही माहीत असू द्या. एसपीएफची मोजणी त्वचा लाल होण्यावर आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांची त्वचा लाल होण्याआधी रापते, आणि रापण्यात यूव्हीए किरणांचाही मोठा वाटा असतो. त्यांचा अंदाज एसपीएफवरून येत नाही, त्यासाठी लेबलवरची पीएपुढची अधिकची चिन्हं बघायची. तीन चिन्हं म्हणजे यूव्हीएपासूनचं संरक्षण ८ ते १६ च्या मधलं, चार म्हणजे १६ किंवा जास्त. १०० भागिले १६ केलंत तर सव्वासहा टक्के येतात. म्हणजे एसपीएफ ५० लिहिलेल्या ट्यूबमधूनही यूव्हीए मात्र सहा टक्क्यांपर्यंत आत येऊ शकतात, आणि तेही थर पूर्ण असेल तर. "पन्नास लावलं तरी मी काळी पडले, म्हणजे ट्यूब बोगस" असा निष्कर्ष काढण्याआधी ती चिन्हं मोजा. आणि ट्यूब किती दिवस पुरली, तेही.

आमच्या रूमवर आता एक साधा नियम आहे. नवी ट्यूब उघडली की मार्करने तिच्यावर तारीख लिहायची. सव्वा महिन्याने ती अर्धी शिल्लक दिसली, तर लेबलवरचा आकडा मनातल्या मनात निम्मा करायचा. माझ्या शेवटच्या ट्यूबवर १० तारीख लिहिली होती. ती ५२ दिवस चालली. म्हणजे एसपीएफ ३० चे झाले साधारण २३, आणि आत आले सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. पूर्ण नाही जमलं अजून, पण पाव हिस्स्यापेक्षा बरंच बरं. तुमच्या ट्यूबवर तारीख आहे का?