बांगड्याला दोन तासांची सवलत नाही



उन्हाळ्यात बाजारातून आणलेली मासळी दोन-तीन तास पिशवीत राहिली तरी चालते, वास आला नाही आणि नीट शिजवली की झाले, असे मागील अंकातील लेखात म्हटले आहे. बांगड्यापुरते तरी हे चूक आणि धोक्याचे आहे.

बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असते. उष्णतेत जिवाणू त्याचे हिस्टामाइन बनवतात. ते एकदा तयार झाले, की तळून, उकळून किंवा गोठवूनही जात नाही आणि मासा वास मारेलच असेही नाही. खाल्ल्यावर बहुधा तासाभरातच चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते. घरचे त्याला अ‍ॅलर्जी समजतात.

लेखातल्या पापलेटात हा विशिष्ट धोका कमी, एवढे मान्य.

मासळी बर्फाविना बाहेर ठेवण्याची दोन तासांची मर्यादा साधारण तापमानासाठी असते. ३२ अंशांपुढे ती एका तासावर येते. मे महिन्यात ससून डॉकवर बांगडा घेऊन डोंबिवलीला निघालेल्याचा तो तास वाटेतच संपतो. त्याआधी विक्रेत्याच्या टोपलीत बर्फाविना गेलेला वेळ वेगळाच.

ओल्या फडक्याने भागत नाही. झाकणाच्या थर्माकोल डब्यात मासळीच्या खाली-वर बर्फाचा चुरा हवा. घरी डबा उघडताना बर्फ शिल्लक नसेल, तर मासळी किती तापली याचा भरवसा उरत नाही.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, डोंबिवली