रेनकोट घेताना शिवण उलटून बघा

आपल्या छत्रपती संभाजीनगरचा पाऊस कोकणासारखा दिवसभर पडत नाही, पण आला की अर्ध्या तासात झोडपून काढतो. सिडकोतून वाळूजच्या कारखान्यात रोज दुचाकीने जाणाऱ्याला तेवढा अर्धा तास पुरतो. रेनकोट अंगात असूनही तो भिजून पोहोचतो. असं का होतं?

गाडीवर बसलं की मांड्यांमध्ये खोलगट जागा तयार होते. समोरून आलेलं पाणी कोटावरून ओघळून तिथेच साचतं. कापड पाणी अडवतं, पण शिवताना सुईने पाडलेली भोकं अडवत नाहीत. त्यामुळे आधी भिजते ती बैठकीची जागा.

म्हणून दुकानात पँट उलटी करून बघा. बैठकीच्या शिवणीवर आतून सलग पट्टी चिकटवलेली हवी. नुसता दोरा दिसला तर तो सूट बाजूला ठेवा. घरी आणल्यावर त्या शिवणीचा बाहेरून खोलगा करून त्यात मगभर पाणी ओता, खाली कोरडा कागद धरा आणि दहा मिनिटं थांबा. कागद ओला झाला, तर पावसात घालण्याआधीच सूट बदलून आणा. त्यासाठी पावती जपून ठेवा.

चेनवर झाकणारी पट्टी हवी, नाहीतर छाती भिजते. माप उभ्याने घेऊ नका. गुडघे वाकले की पँट वर सरकते, म्हणून बसून बघा. पाय बुटावर राहिला पाहिजे. टोपी हेल्मेटच्या आत घालू नका. हेल्मेट नीट बसत नाही आणि मान वळवताना बाजूचं दिसत नाही.

पोंचो स्वस्त आणि चटकन अंगावर चढणारा. पायी जाणाऱ्याला तो चांगला. गाडीवर मात्र वारा त्याला फुगवतो, हँडल ओढलं जातं, कडा इंडिकेटर झाकते किंवा चाकाकडे जाते. रोजच्या गाडीसाठी दोन भागांचा सूटच घ्या.

बुरखा घालून स्कूटर चालवणाऱ्या भगिनींनी पँट दोन मापं मोठी, कमरेला रुंद इलॅस्टिकची घ्यावी. बुरख्याचा घेर गोळा करून पँटच्या आत घ्यावा, ओढणीची टोकं कोटाच्या आत खोचावीत. वरून नुसता लांब कोट घातला तर खालून बुरख्याची कड मोकळीच राहते. मागे बसणाऱ्या अम्मीची किंवा मुलीची कडही निघण्याआधी बघा, कारण मागच्या चाकात कपडा अडकला तर माणूस खाली ओढला जातो. मागे साडी-गार्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ते एकाच बाजूला असतं.

प्लास्टिकचा जाड कोट पाणी अडवतो, पण आत घाम येतो आणि घडीवर चिरतो. आतून लेप दिलेलं नायलॉन हलकं पडतं. मात्र ते ओलं घडी करून डिकीत ठेवलं तर लेपाचे पापुद्रे सुटतात. घरी आल्यावर सावलीत टांगा, इस्त्री फिरवू नका. लेप सुटू लागला की शिवण कितीही चांगली असली तरी तो सूट बदलायची वेळ आली, असं समजा.